फ्रीजमध्ये कडक चीज मुरवताना: डब्यातला दमटपणा आणि नको असलेली बुरशी

कडक चीज नीट मुरायला १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ८५ टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता लागते. घरातला फ्रीज यातलं काहीच देत नाही. तो चालतो ४ अंशांच्या आसपास आणि त्याच्या आतली हवा चांगलीच कोरडी असते. तसाच उघडा ठेवलेला चीजचा ठोकळा आठ-दहा दिवसांत बाहेरून कातड्यासारखा कडक होतो, मग साल तडकते आणि त्या भेगांतून बुरशी आत शिरते. यावर घाबरून तोच ठोकळा हवाबंद डब्यात कोंबला, तर चार दिवसांत साल चिकट होते आणि वर राखाडी केसांची दाट लव उगवते. या दोन टोकांच्या मधली जागा सापडली की काम जमलं.

आधी तापमानाचं पाहू. ४ अंशांवर चीज बिघडत नाही, पण मुरण्याचा वेग फार मंदावतो. चव तयार होते ती प्रथिनं आणि स्निग्धांश हळूहळू फुटल्यामुळे, आणि ते काम करणारी एन्झाइम्स थंडीत सुस्तावतात. १२ अंशांवर तीन महिन्यांत जे होतं त्याला इथे दुप्पट किंवा त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. बुरशी मात्र तितकी सुस्तावत नाही. चीजवर हमखास येणारी निळी-हिरवी पेनिसिलियम बुरशी फ्रीजच्या थंडीतही आरामात वाढते. म्हणजे फार थंड फ्रीजमध्ये चव येईपर्यंत बुरशीशी दुप्पट दिवस झुंजावं लागतं.

चीजसाठी जुना छोटा फ्रीज वेगळा काढता आला तर सोन्याहून पिवळं. बहुतेक फ्रीजचं आतलं बटण १२ अंशांपर्यंत जातच नाही, म्हणून बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक घ्यावा. त्याची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये, फ्रीजची वायर त्याच्यात, आणि त्याचा सेन्सर फ्रीजच्या आत. फ्रीजचं स्वतःचं बटण सर्वांत थंडवर ठेवायचं, म्हणजे चालू-बंद करण्याचा निर्णय फक्त बाहेरच्या नियंत्रकाकडे राहतो. नियंत्रकावर १२ अंश लावावेत, फरक १ अंशाचा ठेवावा आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची विश्रांती किमान ५ मिनिटांची. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये. दार उघडलं की हवा लगेच तापते आणि कॉम्प्रेसर उगाच धावतो. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीला सेन्सर चिकटपट्टीने घट्ट लावला की चीजला खरोखर जाणवणारं तापमान तो मोजतो. वाइन ठेवायचा छोटा फ्रीज हाताशी असेल तर नियंत्रकाचीही गरज नाही, तो मुळातच या पट्ट्यात चालतो.

वेगळा फ्रीज नसेल तर रोजच्या फ्रीजमध्येही काम होतं, पण त्यातल्या त्यात कमी थंड कोपरा शोधावा आणि वेळ जास्त लागणार हे गृहीत धरावं. पुढे सांगितलेली डब्याची पद्धत दोन्हीकडे तीच आहे.

आता मूळ मुद्दा. फ्रीज हवा कोरडी का करतो? आतली हवा शून्याच्या बरीच खाली थंड असलेल्या कॉइलवरून फिरते. तिच्यातली वाफ त्या कॉइलवर बर्फ होऊन बसते. बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये एक छोटा हीटर मधूनमधून तो बर्फ वितळवतो आणि पाणी मागच्या नळीतून बाहेर जातं. म्हणजे फ्रीज दिवसरात्र हवेतलं पाणी गोळा करून बाहेर टाकत असतो. त्याच्याशी पाण्याची वाटी आत ठेवून स्पर्धा करणं बहुतेक वेळा फुकट जातं. त्यापेक्षा फ्रीजला थंडीचं काम करू द्यावं आणि दमटपणा झाकणाच्या डब्यात वेगळा सांभाळावा.

डब्याच्या बाबतीत पुष्कळांची समजूत उलटी असते. डब्यात ओलावा घालावा लागेल असं वाटतं, म्हणून ओलं फडकं किंवा पाण्याची वाटी आत जाते. प्रत्यक्षात ओलावा ठोकळ्यातच भरपूर असतो. हिशेब करून पाहू. १३ सेंटिमीटर व्यासाचा, साडेआठ सेंटिमीटर उंचीचा गोल ठोकळा साधारण १,२०० ग्रामचा होतो. तो १२ लिटरच्या डब्यात ठेवला तर हवेसाठी ११ लिटर जागा उरते. १२ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त पावणेअकरा ग्रामच्या आसपास वाफ धरू शकते, म्हणजे आपल्या डब्यातल्या हवेला काठोकाठ भरायला जेमतेम ०.१२ ग्राम पाणी पुरतं. ताजा ठोकळा पहिल्या आठवड्यात रोज तीनेक ग्राम पाणी सहज सोडतो. डबा घट्ट बंद असेल तर तासाभरात हवा भरून जाते. त्यानंतर निघालेला प्रत्येक थेंब झाकणाला आणि भिंतींना घामासारखा फुटतो, आणि तिथून पुन्हा चीजवर पडतो.

म्हणून डब्यात आपलं काम पाणी घालण्याचं नसतं, जास्तीचं पाणी ठरावीक वेगाने बाहेर सोडण्याचं असतं. यासाठी झाकणाच्या कडेला ६ मिलिमीटरची चार छिद्रं पाडावीत आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावावी. आतून घाम फुटला की एक पट्टी काढायची, साल फार लवकर सुकू लागली की एक पट्टी परत लावायची. छिद्रं पाडायची नसतील तर झाकण आणि डबा यांच्यात घडी केलेला कागद अडकवून काही मिलिमीटरची फट ठेवली तरी चालतं, फक्त ती फट रोज सारखी राहत नाही.

डबा निवडताना ठोकळा त्याच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापणार नाही एवढं पाहावं. डबा अगदी बेताचा असेल तर हवा हलत नाही आणि बाजू चिकटतात. ठोकळा तळाला टेकू नये, खाली जाळी आणि तिच्यावर प्लास्टिकची किंवा बांबूची चटई असावी, म्हणजे खालूनही हवा लागते. तळाशी टिश्यू पेपरची घडी ठेवावी, ती ओली झाली की बदलावी. उलट प्रश्न क्वचित येतो. ठोकळा आधीच बराच सुकलेला असेल आणि डबा खूप मोठा असेल, तर सगळी छिद्रं बंद करूनही आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जात नाही. फक्त अशा वेळी कोपऱ्यात ओल्या टिश्यूची छोटी वाटी ठेवावी.

झाकणावरचे थेंब पाहून प्रत्येक वेळी आर्द्रता वाढली असाच निष्कर्ष काढू नये. १२ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू साडेनऊ अंशांच्या जरा वर येतो. म्हणजे डब्याची एखादी भिंत आतल्या हवेपेक्षा अडीच अंशांनी जास्त गार झाली, तर आर्द्रता अगदी बरोबर असतानाही तिच्यावर पाणी जमतं. डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकला असेल, किंवा पंख्याची गार हवा थेट त्याच्यावर येत असेल, तर हेच होतं. एकाच बाजूला थेंब दिसले तर छिद्रांना हात लावू नये, डबा पुढे सरकवावा किंवा जाड टॉवेल गुंडाळून ठेवावा. सगळ्या बाजूंनी आणि झाकणाच्या मधोमधही थेंब असतील तर आर्द्रता खरंच जास्त आहे.

हायग्रोमीटर घेतला तर तो डब्याच्या आत ठेवायचा. फ्रीजमध्ये टांगलेला हायग्रोमीटर फ्रीजची आर्द्रता दाखवतो आणि तिच्याशी चीजला काही देणंघेणं नसतं. स्वस्त डिजिटल मीटर पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असणं नेहमीचंच, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर ओल्या वाळूइतकं दिसेल एवढेच पाण्याचे थेंब टाका, आणि ते मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून घरच्या तापमानात रात्रभर ठेवा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. मीटरने ७१ दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात ४ मिळवायचे. ९० टक्क्यांच्या वर मात्र अशा मीटरवर फार विसंबू नये.

मीटरपेक्षा खरं बोलतो तो वजनकाटा. ग्रामपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. दर आठवड्याला एकाच वाराला ठोकळा तोलायचा आणि आकडा डब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहायचा. घरगुती आकाराच्या ठोकळ्यासाठी एक कामचलाऊ मापदंड असा: पहिल्या आठवड्यात दीड ते दोन टक्के घट, पुढच्या तीन-चार आठवड्यांत एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यानंतर अर्ध्या टक्क्याकडे उतरत जाणारी.

वरचाच ठोकळा घेऊन पाहू. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर तो दोन-तीन दिवस जाळीवर उघडा सुकवला. हात लावल्यावर ओल लागत नाही, पण साल अजून लवचीक आहे, अशा वेळी तो १,२०० ग्राम भरला आणि डब्यात गेला. एक छिद्र उघडं. आठवड्याने वजन १,१७८, पुढच्या आठवड्याने १,१६५, तिसऱ्याला १,१५४. सगळं ठीक. चौथ्या आठवड्यात काटा १,१५२ दाखवतो. फक्त २ ग्रामची घट, आणि खालची बाजू बोटाला किंचित चिकटते. तळाचा कागद पाहिला तर तो ओलाचिंब, बदलायचा राहून गेलेला. कागद बदलला, ठोकळा दोन तास बाहेर जाळीवर ठेवला आणि आणखी दोन छिद्रं उघडली. पाचव्या आठवड्यात वजन १,१२६. म्हणजे २६ ग्राम एका आठवड्यात गेले, सव्वादोन टक्क्यांच्या वर. वरच्या कडेला उजेडात तिरकं धरल्यावर केसासारखी एक भेग दिसते. दोन छिद्रं एकदम उघडणं जास्त झालं. एक बंद केलं, भेगेत बोटाने लोणी दाबून भरलं. सहाव्या आठवड्यात १,११७. गाडी रुळावर आली. याच चालीने गेलं तर तीन महिन्यांनी ठोकळा सुमारे १,०८० ग्रामवर येतो, म्हणजे एकूण दहा टक्के घट. बदल एका वेळी एकच करायचा आणि त्याचा परिणाम पाहायला आठवडा द्यायचा, एवढं पथ्य पाळलं तर असे हेलकावे कमी होतात.

वजन पाहून काही कळायच्या आत काही गोष्टी बुरशीचा रंग सांगून टाकतो. आधी एक वास्तव: ८५ टक्के आर्द्रतेत पेनिसिलियम येणारच. दमटपणा कमी करून तिला पूर्ण रोखायचं म्हटलं तर साल तडकेल इतकी कोरडी हवा लागेल. म्हणून निळे-हिरवे ठिपके म्हणजे काही चुकलंय असं नाही, हात फिरवायची वेळ झाली एवढंच. राखाडी, उंच केसांसारखी आणि टोकाला काळे ठिपके असलेली लव मात्र वेगळी. ती म्यूकर. तिला पेनिसिलियमपेक्षा खूप जास्त ओल लागते. ती दिसली म्हणजे पृष्ठभाग ओला राहतोय, आणि नुसतं पुसून ती जाणार नाही. आधी ओलावा कमी करा.

गुलाबी किंवा नारिंगी, चिकट, मोज्यांसारखा वास असलेला थर ही बुरशी नव्हे, ते जिवाणू. काही चीजवर ते मुद्दाम वाढवतात. कडक सुक्या सालीवर ते आले तर पृष्ठभागाला मीठ कमी आणि ओल जास्त, असा अर्थ. कमी मिठाचं पाणी वारंवार फिरवल्याने हे जिवाणू उलट फोफावतात. दोन-तीन टक्के मिठाच्या पाण्याने रोज पुसून "स्वच्छ" ठेवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना हाच थर भेटतो.

काढण्याची रीत अशी. १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये चमचाभर मीठ ढवळून घ्यावं. ठोकळा फ्रीजपासून लांब न्यावा, कारण सुकी बुरशी ब्रशने झाडली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि पुन्हा डब्यातच बसतात. त्यामुळे नवीन ठिपक्यांवर सुका ब्रश नको. व्हिनेगरमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने ठिपका बाहेरून आत असा उचलावा आणि प्रत्येक ठिपक्याला कापडाचा नवा कोपरा वापरावा. एकाच कोपऱ्याने पूर्ण ठोकळा पुसला तर बुरशी सगळीकडे सारवली जाते. हट्टी जागी चिमूटभर सुकं मीठ चोळावं. यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते: ठोकळा तासभर, गरज पडली तर दोन तास, जाळीवर सुकू द्यायचा. ओला ठोकळा तसाच डब्यात गेला की दोन दिवसांत तीच बुरशी परत, आणि मग दोष व्हिनेगरला.

पहिले दोन आठवडे ठोकळा रोज उलटावा आणि रोज पाहावा. त्या वेळी झाकण मिनिटभर उघडं राहिलं की साचलेली हवाही बदलते. पुढे दोन-तीन दिवसांनी, आणि दीड महिन्यानंतर आठवड्यातून एकदा पुरतं. साल टणक झाली, साधारण तीन-चार आठवड्यांनी, की ऑलिव्ह तेलाचा अगदी पातळ हात फिरवता येतो. त्याने सुकणं थोडं मंदावतं आणि बुरशी सालीत रुजत नाही, सहज पुसली जाते. तेल जाड लावलं तर ते खवट होतं.

डबा आणि चटई आठवड्याला गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी, पूर्ण सुकवावी. बुरशीचा जोर असेल तेव्हा ५ टक्के क्लोरीनचं घरगुती ब्लीच लिटरभर पाण्यात ४ मिलिलिटर घालून त्याने डबा पुसावा, मग साध्या पाण्याने धुऊन वाळवावा. हे ब्लीच आणि वरचं व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही कामं एकाच दिवशी, एकाच ओट्यावर करूच नयेत. बांबूची चटई दहा मिनिटं उकळून उन्हात वाळवणं सोपं.

एवढी उठाठेव नको असेल तर चीजचं मेण किंवा व्हॅक्यूमची पिशवी हा मार्ग आहे. पाणी बाहेर जाणंच बंद झालं की आर्द्रतेचा प्रश्न उरत नाही, साधा फ्रीज चालतो. अट एकच, आत कोंडताना ठोकळा खरोखर सुका हवा. ओलसर ठोकळ्यावर मेण चढवलं तर काही आठवड्यांत आत पाण्याचे फुगे दिसतात, आणि जिथे मेण सालीपासून सुटलंय तिथे बुरशी वाढते. पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेलं मेण १०० अंशांच्या खालीच राहतं, त्यामुळे सालीवरचे बीजाणू ते मारेल असं धरून चालू नये. आधी व्हिनेगर-मिठाने पुसून, सुकवून, मगच दोन पातळ थर द्यावेत. मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवू नये, त्याच्या वाफा पेट घेतात. पिशवीतल्या चीजला साल येत नाही आणि चवही वेगळी, जरा मऊसर लागते. रोज लक्ष द्यायला जमणार नसेल तर तडकलेल्या सालीपेक्षा ती बरी. पहिला महिना डब्यात काढून साल धरू देणं आणि नंतर मेण लावणं, हा मधला मार्ग बहुतेक घरांना सर्वांत सोयीचा पडतो.

काही ठोकळे वाचवायचे नसतात. दीड-दोन महिन्यांनी ठोकळा फुगू लागला, कडा वर उचलल्या आणि कापल्यावर भेगा व ओकारीसारखा वास आला, तर तो दोष आर्द्रतेचा नाही. दुधातून आलेले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू आतच वायू तयार करतात आणि कुठलंही पुसणं तिथवर पोचत नाही. असा ठोकळा टाकून द्यावा. बनवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठोकळा स्पंजासारखा फुगला तर त्याचं कारण अस्वच्छता असू शकतं, तोही टाकावा. कच्च्या दुधाचं चीज फ्रीजमध्ये मुरवलं म्हणजे निर्धोक झालं असंही नाही. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतो, म्हणून घरी पाश्चराइज केलेलं दूधच घ्यावं.

भेगेतून आत गेलेल्या निळ्या रेषेपुरता प्रश्न असेल तर ती जिथे संपते त्याच्याभोवती अडीच सेंटिमीटर कापून टाकावं. कापताना सुरी बुरशीतून चांगल्या भागात जाऊ देऊ नये, नाहीतर कापण्याला अर्थ राहत नाही. रेषा ठोकळ्याच्या मध्यापर्यंत पोचल्या असतील, किंवा काळी बुरशी सालीखाली पसरलेली दिसत असेल, तर तेवढा भाग वाचवत बसू नये. उरलेले चांगले तुकडे परत मुरवायला ठेवण्यात अर्थ नसतो, कारण कापलेल्या बाजूला साल नसते. ते पिशवीत बंद करून साध्या फ्रीजमध्ये ठेवावेत आणि आधी संपवावेत.